पाटीवरचं अक्षर वाचा, मगच फोटोवर विश्वास ठेवा

चाळीसगावात माझं पाट्या आणि फ्लेक्सचं काम आहे. आधी ब्रशने पाट्या रंगवायचो, आता कॉम्प्युटरवर करतो. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गिऱ्हाईक सांगेल ती लिपी. त्यामुळे कुठूनतरी उर्दूसारख्या अक्षरांचा फोटो आला की ओळखीचे लोक फोन घेऊन माझ्याकडे येतात. "भाई, हे कुठलं आहे, सांगा ना."

मागे मोहल्ल्यातली एक आपा भाच्याला घेऊन आली. पोरगा आयटीआय झालेला, एसी आणि फ्रिजचं काम चांगलं करतो. एका एजंटने त्याला कुवेतला नोकरी लावून देतो असं सांगितलं होतं. पगाराचा आकडा सांगितला होता आणि निम्मे पैसे आधी मागितले होते. सोबत मोबाईलवर चार फोटो पाठवले होते, "हे आपलं वर्कशॉप, याच गल्लीत तुझी खोली." फोटोत रुंद रस्ता, खजुराची झाडं, लांबवर समुद्राची निळी रेघ, आणि अरबीसारख्या अक्षरांच्या तीन पाट्या. घरच्यांचं म्हणणं एकच : अक्षरं अरबी आहेत, म्हणजे कुवेतच असणार.

पोराच्या मामूंनी तर एक पाटी वाचूनही दाखवली. त्यांचं शिक्षण उर्दू माध्यमात झालेलं. पाटीवरचा पहिला शब्द त्यांनी बरोबर वाचला, "तामीरात". म्हणाले, "तामीरात म्हणजे बांधकाम. ही बिल्डरची कंपनी दिसते, मोठं काम असेल." वाचन शंभर टक्के बरोबर आणि अर्थ पूर्ण चुकलेला. कारण पाटी उर्दू नव्हती, अरबीही नव्हती. ती फारसी होती. फारसीत "तामीरात" म्हणजे दुरुस्ती.

हे मी कसं ओळखलं, ते सविस्तर सांगतो. यात जादू काही नाही. मक्तबात कायदा शिकलेल्या कुणालाही हे जमू शकतं.

सुरुवात अक्षरांपासून करू. कायद्यात आपण अलिफपासून येपर्यंत शिकतो ती अरबीची अक्षरं, मोजून 28. अरबांकडे प, च, ग हे आवाज लिहायला अक्षरं नव्हती. इराणी लोकांनी ही लिपी घेतली तेव्हा त्यांनी चार अक्षरं वाढवली : पे, चे, झे आणि गाफ. बे ला खाली एक नुक्ता असतो, पे ला तीन. जीमच्या पोटात एक नुक्ता, चे च्या पोटात तीन. रे वर तीन नुक्ते दिले की झे होतं. आणि काफवर एक तिरकी रेघ, गाफवर दोन. झाली 32 अक्षरं, ती फारसी.

मग लिपी हिंदुस्तानात आली. इथल्या बोलीत ट, ड, ड़ हे आवाज होते, जे ना अरबीत होते ना फारसीत. मग ते, दाल आणि रे या तीन अक्षरांच्या डोक्यावर छोटा तोय बसवला. टे, डाल, ड़े. शिवाय भ, थ, ख, घ असे आवाज लिहायला दो-चश्मी हे, म्हणजे चष्म्यासारखी दोन डोळ्यांची हे. आणि शेवटी ए आवाजासाठी बडी ये, जी उजवीकडे आडवी लांब मागे वळलेली असते. ही सगळी उर्दूची खूण.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच : डोक्यावर छोटा तोय असलेलं अक्षर दिसतंय का? दुकानाच्या पाटीवर हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण आपल्याकडच्या पाट्या इंग्रजी शब्दांनी भरलेल्या असतात. स्टोअर, हॉटेल, मेडिकल, टेलर, मार्केट, प्रत्येकात ट किंवा ड आहेच. उर्दूत लिहिलेल्या दहा पाट्यांचा बाजार घ्या, कुठेतरी तो छोटा तोय सापडणारच. आपाच्या फोटोत तीन पाट्या होत्या आणि तिन्हीत एकही नव्हता. बडी ये नाही, दो-चश्मी हे नाही. म्हणजे उर्दू बाजूला ठेवायला हरकत नव्हती.

आता उरल्या अरबी आणि फारसी. एजंटचं खरं असेल तर अरबी हवी.

अरबी पाटीवर दोन गोष्टी डोळ्यात भरतात. एक म्हणजे अलिफ-लाम. अरबी वाक्यात ते इतक्या वेळा येतं की पाटीवर ठिकठिकाणी एकाला एक लागून दोन उभे खांब दिसतात. दुसरी म्हणजे गोल ते, शब्दाच्या शेवटी येणारी गोल हे आणि तिच्यावर दोन नुक्ते. अरबीत स्त्रीलिंगी शब्द याने संपतात, आणि कंपनी, शाळा, लायब्ररी, फार्मसी हे सगळे शब्द तिथे स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे अरबी बाजारात ही गोल ते दिसली नाही असं सहसा होत नाही. फारसीत हेच शब्द आले तर शेवटी साधी ते किंवा नुक्ते नसलेली हे लिहितात.

इथे एक खड्डा आहे, आणि आपले लोक त्यात हमखास पडतात. नुसतं अलिफ-लाम दिसलं म्हणून पाटी अरबी होत नाही. आपल्याकडे अल-मदीना, अल-करीम, अल-हिंद, अल-फलाह अशी नावं प्रत्येक गावात आहेत. माझ्याच हाताने मी अशा किती पाट्या केल्या असतील. दुकानाचं नाव म्हणजे मालकाची आवड असते. ते अरबी असू शकतं, फारसी असू शकतं, इंग्रजीही असू शकतं. म्हणून नाव सोडून द्या आणि धंद्याचा शब्द वाचा. नावाखाली किंवा बाजूला छोट्या अक्षरात दुकान काय विकतं ते लिहिलेलं असतं. ते मालक स्वतःच्या आवडीने लिहीत नाही, रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाला कळावं म्हणून लिहितो. त्यामुळे तिथे त्या रस्त्याची भाषा येते.

मेडिकल दुकान घ्या, कारण ते प्रत्येक बाजारात असतं. अरबीत त्याला सैदलिया म्हणतात, शेवटी तीच गोल ते. उर्दूत मेडिकल स्टोअर किंवा दवाखाना. आणि इराणमध्ये दारूखाना. हो, दारूखाना. फारसीत दारू म्हणजे औषध. हा शब्द वाचून मामूंनी भुवया उंचावल्या होत्या, की गल्लीत राहायची खोली आणि शेजारी हे! त्यांना समजावून सांगावं लागलं की तिथे गोळ्या-औषधं मिळतात.

गंमत अशी की या शब्दात खास फारसी अक्षर एकही नाही. दाल, अलिफ, रे, वाव, खे, अलिफ, नून, हे, सगळी अक्षरं कायद्यातलीच. पे, चे, गाफ शोधत बसलो असतो तर ही पाटी अरबीतच जमा झाली असती. अक्षर नसणं हा पुरावा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. अक्षर सापडलं तर ते काहीतरी सांगतं. सापडलं नाही तर शब्दाकडे जायचं.

एसी-फ्रिजच्या पाटीवर मात्र सगळंच सापडलं. तिथे लिहिलं होतं, "तामीरात-ए यखचाल व कूलर-ए गाझी". फारसीत मधला ए लिहीत नाहीत, फक्त बोलतात. यखचाल म्हणजे फ्रिज. यख म्हणजे बर्फ आणि चाल म्हणजे खड्डा, जुन्या काळात इराणात बर्फ साठवायचे त्यावरून आलेला शब्द. त्यातल्या चे च्या पोटात तीन नुक्ते स्पष्ट दिसत होते. कूलर-ए गाझी म्हणजे गॅसवर चालणारा कूलर, आपला एसी. त्यातला गाफ दोन रेघांचा. अरबीत एसीला मुकय्यिफ म्हणतात, आणि दुरुस्तीला तसलीह किंवा सियाना. कुवेतच्या एसी-दुरुस्तीच्या दुकानावर "तामीरात" लिहिणार नाहीत, "कूलर-ए गाझी" तर नाहीच नाही.

मधला तो "व" सुद्धा बघण्यासारखा होता. दोन शब्दांच्या मध्ये एकटा वाव, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून. फारसीत आणि उर्दूत तो असाच सुटा लिहितात. अरबीत "आणि" चा वाव पुढच्या शब्दाला चिकटून येतो. एवढ्या एका खुणेवर मी निकाल देणार नाही, पण बाकी गोष्टी एका दिशेला बोट दाखवत असतील तर ही त्यांना जोर देते.

तिसरी पाटी बँकेची होती, खांबामागे अर्धी लपलेली. बँक हा शब्द तिन्ही भाषांनी एकाच ठिकाणाहून घेतला, पण लिहिला वेगवेगळा. उर्दूत बे, ये, नून, काफ. फारसीत बे, अलिफ, नून, काफ, म्हणजे बानक. अरबीत नुसतं बे, नून, काफ. शिवाय अरबी छपाईत शब्दाच्या शेवटच्या काफवर वरची तिरकी रेघ नसते, त्याऐवजी पोटात हमजासारखी छोटी खूण असते. फोटोत बे नंतर उभा अलिफ होता आणि काफवर तिरकी रेघ होती. बँक प्रत्येक गावात असते आणि तिची पाटी मोठी असते, म्हणून मला हा शब्द फार आवडतो. चार अक्षरांत भाषा कळते.

भाषा कळली, फारसी. पण भाषा म्हणजे देश नव्हे. फारसी इराणात आहे, अफगाणिस्तानात आहे, आणि दुबईतल्या इराणी दुकानांवरही दिसते. ताजिकिस्तानचीही भाषा तीच, पण तिथे पाट्या रशियन लिपीत असतात, त्यामुळे तो देश आपोआप गळतो. अफगाणिस्तान असेल तर पाट्यांवर पश्तो मिसळलेली असते. पश्तोतही ट, ड, ड़ आहेत, पण तिथे डोक्यावर तोय नसतो, अक्षराला छोटं कडं लटकवलेलं असतं, कानातल्या बाळीसारखं. मेडिकलवर बरेचदा दरमलतून हा पश्तो शब्द असतो. आपल्या फोटोत कडं नव्हतं, दरमलतून नव्हतं. दुबई असती तर पाटीवर अरबी ओळही असती, कारण तिथे पाटीवर अरबी लागतेच.

नक्की केलं ते फोन नंबरने. एसीच्या पाटीखाली नंबर होता आणि आकडे पूर्वेकडचे होते, 0 ते 9 चे आपण वापरतो ते नव्हते. इथे आपल्या माणसांची एक खास गडबड होते. त्या आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि अरबी पाच म्हणजे गोल, हुबेहूब आपल्या मराठी शून्यासारखा. मराठी शाळेत शिकलेला माणूस पाच ला शून्य वाचून मोकळा होतो आणि ठिपक्याकडे लक्षच देत नाही. अरबी आणि फारसी आकड्यांतही फरक आहे, आणि तो चार, पाच, सहा या तिघांतच आहे. अरबी चार उलट्या बाजूला तोंड केलेल्या इंग्रजी 3 सारखा दिसतो, फारसी चार उभ्या काठीला वर छोटा पाळणा लावल्यासारखा. अरबी पाच गोल, फारसी पाच उलट्या धरलेल्या बदामासारखा, वर टोक आणि खाली मध्ये खाच. या नंबरात पाच होता, आणि तो बदामाचा होता.

नंबर डावीकडून उजवीकडेच वाचायचा, लिपी उजवीकडून असली तरी. वाचला तर सुरुवात 076 ने, एकूण 11 आकडे. कुवेतचा नंबर आठच आकड्यांचा असतो, पुढे शून्य वगैरे काही नाही. तिथेच एजंटची गोष्ट संपली. 076 हा इराणमधल्या होर्मोझगान प्रांताचा कोड आहे, ज्याचं मुख्य शहर बंदर अब्बास. समुद्रकाठ, उकाडा, खजुरीची झाडं, सगळं जुळलं. आखाताच्या या किनाऱ्याला काय आणि त्या किनाऱ्याला काय, ऊन आणि झाडं सारखीच. म्हणून झाडांवरून देश ओळखायला जाऊ नये.

फक्त एक सावधगिरी. नंबर एकटा वाचायचा नाही. 07 ने सुरू होणारे मोबाईल नंबर इराकमध्येही असतात आणि अफगाणिस्तानातही. त्याहून मजेशीर म्हणजे 021 हा तेहरानचाही कोड आहे आणि कराचीचाही. पाटी फारसी असेल तर 021 म्हणजे तेहरान, पाटी उर्दू असेल तर कराची. आधी भाषा, मग नंबर, हा क्रम उलटा केला की माणूस हजार मैलांनी चुकतो.

आता उर्दूकडे येतो. नोकरीचे फोटो कधीतरी येतात, पण आपल्या मोबाईलवर रोज येतात ते उर्दू पाट्यांचे. त्यांचे दोन प्रकार असतात. एकात पाकिस्तानातल्या आगीचा किंवा दंगलीचा फोटो धुळ्याचा किंवा मालेगावचा म्हणून फिरतो आणि इकडे लोक दुकानांचे शटर अर्धे ओढतात. दुसऱ्यात भारतातल्या एखाद्या गल्लीचा फोटो "बघा, हे पाकिस्तान नाही, महाराष्ट्र आहे" म्हणून फिरतो. दोन्हीची मुळं एकाच गैरसमजात आहेत, की उर्दू म्हणजे पाकिस्तान.

अक्षरांवरून भारत आणि पाकिस्तान वेगळे करता येत नाहीत, हे पहिल्यांदा मान्य करा. टे तोच, बडी ये तीच. अक्षरांचं वळण सुद्धा तेच. मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून नूरी नस्तालीक तयार झालं आणि 1981 मध्ये पाकिस्तानच्या जंग अखबाराने ते छपाईत आणलं. पुढे इनपेज हे सॉफ्टवेअर आलं आणि तेच वळण इकडे-तिकडे प्रत्येक फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर पोचलं. मी चाळीसगावात जे वापरतो तेच लाहोरचा फ्लेक्सवाला वापरत असणार. त्यामुळे "अक्षराचं वळण पाकिस्तानी दिसतं" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

मग बघायचं काय? उर्दूच्या शेजारी कोण बसलंय ते. पाकिस्तानात उर्दूच्या सोबत इंग्रजी असते, सिंधमध्ये सिंधी, तिकडे पेशावरला पश्तो. सिंधी ओळखणं सोपं आहे, तिच्यात नुक्त्यांचा पाऊस असतो, एकेका अक्षरावर चार-चार. भारतात उर्दूच्या शेजारी बहुतेक करून स्थानिक लिपी असते. हैदराबादेत गोल गोल तेलुगू, लखनौला हिंदी, आणि आपल्याकडे मराठी. आपल्याकडे तर तो कायदाच आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही ते लागू झालं. त्यामुळे एका संपूर्ण बाजाराच्या ताज्या फोटोत फक्त उर्दू आणि इंग्रजी दिसत असेल, एकाही शटरवर देवनागरी नसेल, तर तो बाजार धुळ्याचा किंवा मालेगावचा असणं फार कठीण. जुना फोटो असेल तर हा नियम लावता येत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

देवनागरी दिसली की मराठी की हिंदी, ते बघा. ळ दिसला तर मराठीकडे झुका. "आणि", "चे", "येथे" दिसलं तर प्रश्नच मिटला.

आपल्याच राज्यातल्या पातूरचं उदाहरण घ्या, अकोला जिल्ह्यातलं. तिथल्या नगर परिषदेच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू होतं. उर्दू काढा म्हणून एका माजी नगरसेविकेने दावा केला, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 15 एप्रिल 2025 ला न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही, आणि उर्दू ही याच मातीत जन्मलेली भाषा आहे. फोटो ओळखणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर ती पाटी म्हणजे महाराष्ट्राचा शिक्काच. वर मराठी आणि खाली उर्दू असलेली सरकारी पाटी पाकिस्तानात कुठे सापडणार? पण तीच पाटी कुणी वरची ओळ कापून फिरवली, तर खालच्या अर्ध्या भागावरून कुणालाही फसवता येईल. म्हणून पाटी कडेला अर्धवट कापलेली दिसली की मी आधी पूर्ण फोटो मागतो.

देवनागरी नाहीच, असा भारतातला बाजारही असतो. श्रीनगरला पाट्या उर्दू आणि इंग्रजीत असतात, आणि डोंगराळ भागातला फोटो असेल तर तो पाकिस्तानचा वाटू शकतो. तिथे पुन्हा नंबरच कामाला येतो. आपला मोबाईल नंबर दहा आकड्यांचा, 6 ते 9 ने सुरू होणारा. पाकिस्तानचा मोबाईल 03 ने सुरू होतो आणि शून्य धरून 11 आकड्यांचा असतो. लँडलाईन असेल तर लाहोर 042, फैसलाबाद 041, मुलतान 061, पेशावर 091. पाट्यांवर हे बहुतेक नेहमीच्या इंग्रजी आकड्यांतच असतात, त्यामुळे उर्दू न येणाऱ्यालाही वाचता येतात. मागे "धुळे, काल रात्री" म्हणून जळालेल्या दुकानांचा एक फोटो आमच्या ग्रुपवर आला. कापडाच्या दुकानावर डाल आणि टे, म्हणजे उर्दू नक्की. मराठी कुठेच नाही. आणि शटरवर रंगवलेला नंबर 0300 ने सुरू होणारा. फोटो मोठा करून बघायला दोन मिनिटं लागली. तोपर्यंत धुळ्याला कॉलेजला गेलेल्या पोरींना घरच्यांचे फोन सुरू झाले होते.

अडचण येते ती अस्पष्ट फोटोंची. दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या फोटोत नुक्ते पुसले जातात. तीन नुक्ते एका ठिपक्यासारखे दिसतात, पे ची बे होते, चे ची जीम होते. छोटा तोय आणि दोन नुक्ते यांतला फरकही जातो. अशा वेळी नुक्त्यांच्या मागे लागू नका. अक्षराचा सांगाडा बघा, तो टिकतो. बडी ये चं मागे वळलेलं लांब शेपूट, दो-चश्मी हे चे दोन डोळे, गाफची दुहेरी रेघ, अलिफ-लामचे दोन खांब, हे धूसर फोटोतही दिसतात. पाटीची ओळ उजवीकडून खाली डावीकडे उतरत असेल तर ते नस्तालीक, बहुधा उर्दू. बहुधाच म्हणतोय, कारण इराणी लोकही दुकानाचं नाव हौसेने नस्तालीकमध्ये काढतात, आणि धंद्याचा शब्द मात्र सरळ नस्खमध्ये लिहितात. ओळ डावीकडून उजवीकडे उतरताना दिसली तर फोटो आरशासारखा उलटा झालेला आहे. तो आधी फोनमध्ये सुलटा करा, मग वाचा. सेल्फी कॅमेऱ्याच्या फोटोंत असं होतं, आणि काही लोक ओळख लपवायला मुद्दाम उलटवतात.

एखादं परकं अक्षर एकटंच दिसलं तर थांबा. इराकमधले लोक बोलीतला च आणि ग लिहायला फारसी अक्षरं वापरतात. परदेशी ब्रँडचं नाव लिहिताना अरब देशांतही कधी पे दिसते. एका पाटीवर एक गाफ म्हणजे काहीच नाही. तीन पाट्यांवर तीन वेगळ्या खुणा एकाच भाषेकडे नेत असतील, तर मी बोलतो.

आणि शेवटी फोटो तो फोटोच. आमच्या चाळीसगावात केकी मूस नावाचे मोठे फोटोग्राफर होऊन गेले. ते टेबलावर छोट्या वस्तू मांडून असे देखावे उभे करायचे की बघणाऱ्याला खराखुरा मुलूख वाटायचा. पाटीवरून फार तर पाटी कुठली ते कळतं. फोटो कधीचा, आणि त्याखाली लिहिलेलं खरं की खोटं, हे पाटी सांगत नाही.

आपाच्या घरी मी एवढंच सांगितलं : हा फोटो कुवेतचा नाही, इराणचा आहे. एजंट पोराला कुठे पाठवणार आहे ते मला या फोटोवरून कळत नाही. मामूंनी माझ्यासमोरच एजंटला फोन लावला. त्याने आधी सांगितलं की तिकडे सगळीकडे अशीच अक्षरं असतात. मामूंनी यखचाल आणि 076 ऐकवलं तेव्हा म्हणाला, चुकून दुसऱ्या साईटचा फोटो आला असेल, आधी इराणला जाऊन मग कुवेतला जावं लागतं. सप्टेंबर 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इराणमधल्या नोकरीच्या आमिषांबद्दल सावध केलं होतं. तिथे नेऊन लोकांना डांबून घरच्यांकडून खंडणी मागितल्याचे प्रकार झाले होते. ती बातमी मी त्यांना फोनवर दाखवली.

मग एजंटकडे दोन गोष्टी मागितल्या : कुवेतच्या कंपनीचं लेखी करारपत्र आणि एजंटचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक सरकारच्या emigrate.gov.in वर टाकून बघता येतो. एजंट उद्या देतो म्हणाला, मग परवा. पैसे दिलेले नव्हते, ते आपाने दिलेच नाहीत. पोरगा सध्या चाळीसगावातच एसीचं काम करतो. परवा माझ्याकडे आला होता, स्वतःच्या दुकानाची पाटी काढायची म्हणून. मराठी मोठ्या अक्षरात आणि खाली उर्दू. एसी हा शब्द उर्दूत कसा लिहायचा, विचारत होता. मी म्हटलं, अलिफ, बडी ये, मग सीन, छोटी ये. कूलर-ए गाझी नको.